मुलाखतीचा मजकूर एआयने लिहिला का, हे तपासता येतं का? प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

आम्ही चौघं मिळून जुन्या कारागिरांच्या मुलाखती जमवतो. गेल्या महिन्यात एका आजींची मुलाखत बाहेरून आली. आमच्यातल्या एकाने ती एआय ओळखणाऱ्या साधनात टाकली आणि साधनाने जवळजवळ सगळीच 'यंत्राने लिहिलेली' ठरवली. मुलाखत पाठवणाऱ्या मुलाला तसं कळवलं. त्याचा रात्री फोन आला, आवाज भरून आला होता. म्हणाला, "मी त्यांच्यासमोर चार तास बसलो होतो हो."

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, म्हणून हे काम हातात घेतलं. मुलाखत परत पाठवायचा निर्णय महिनाभर थांबवला आहे. तेवढ्यात एवढंच शोधायचं आहे की बोललेल्या शब्दांचा कागदावर उतरवलेला मजकूर अशा साधनाने तपासला तर त्यातून नेमकं काय कळतं. पुढे कोणाला हेच करायचं असेल तर माझा गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून चुकांसकट लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

तपासायचं तर आधी ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे असं काहीतरी हवं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं. माझ्याकडे २०१९ मध्ये मी स्वतः केलेल्या सहा मुलाखतींची रेकॉर्डिंग आहेत. त्यातला शब्दन् शब्द माणसाच्या तोंडचा आहे, याची मला खात्री आहे.

त्यातली एक मुख्य नमुना म्हणून घेतली. छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे सुटे ठसे, जुळवण्यात आयुष्य गेलेल्या एका काकांची, ५२ मिनिटांची. तिच्या चार आवृत्त्या करायच्या ठरवल्या. पहिली शब्दशः, म्हणजे अडखळणं, पुनरुक्ती, अर्धवट वाक्यं सगळं धरून. दुसरी मी हाताने साफ केलेली, मासिकात छापायला देतो तशी. तिसरी 'व्हिस्पर' या आवाजावरून मजकूर करणाऱ्या प्रणालीने काढलेली. चौथी म्हणजे शब्दशः आवृत्ती एआयला देऊन 'नीट करून दे' असं सांगून आलेली.

शब्दशः उतरवायला साडेपाच तास लागले. हे आधीच धरून चाला. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात, आणि दोन माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत असली तर त्याहून जास्त.

८ फेब्रुवारी

दोन संध्याकाळी वाया गेल्या. कारण लिहिते, कारण मराठी मजकूर तपासणारा कोणीही याच खड्ड्यात पडेल.

बाजारातली साधनं आत काय मोजतात ते दिसत नाही, म्हणून मी स्वतः मोजायचं ठरवलं. मूळ कल्पना सोपी आहे. भाषेच्या प्रारूपाला, म्हणजे पुढचा शब्द ओळखायला शिकवलेल्या प्रणालीला, मजकूर एकेक तुकडा दाखवायचा आणि पुढचा तुकडा त्याला किती अनपेक्षित वाटतो ते मोजायचं. माणसाच्या लिखाणात धक्के जास्त, यंत्राच्या लिखाणात कमी, असं गृहीतक. सुरुवातीला हाताशी होतं ते जीपीटी-२ हे जुनं प्रारूप घेतलं. काकांची शब्दशः आवृत्ती, पूर्ण अडखळती, त्याने 'अतिशय अपेक्षित' ठरवली. म्हणजे यंत्राची.

चूक तुकड्यांत होती. हे प्रारूप इंग्रजीवर वाढलेलं आहे, देवनागरी शब्द त्याच्या शब्दसाठ्यात नाहीत. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातले पहिले दोन बाइट जवळजवळ नेहमी तेच असतात, `E0 A4` किंवा `E0 A5`. प्रारूप अक्षराचे तुकडे करतं आणि त्यातला पहिला तुकडा दर वेळी बरोबर ओळखतं. सरासरी काढली की वाटतं, याला सगळं आधीच माहीत होतं. प्रत्यक्षात त्याला फक्त देवनागरी चालू आहे एवढंच माहीत होतं.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. मराठी बऱ्यापैकी येणारं बहुभाषिक खुलं प्रारूप घेतलं, आणि सरासरी तुकड्यामागे न काढता चिन्हामागे काढली. म्हणजे तुकडे कसेही पडोत, तुलना एकाच मापाने होते.

```python
ids = tok(text, return_tensors="pt").input_ids
with torch.no_grad():
    loss = model(ids, labels=ids).loss
print((loss * (ids.shape[1] - 1) / len(text)).item())
```

तयार साधन वापरणाऱ्याला हे आत डोकावून बघता येत नाही. ते कोणत्या भाषेवर तपासून घेतलं आहे हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर मराठीसाठी त्याचा आकडा धरू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळख-साधन काढलं तेव्हा फक्त इंग्रजीसाठी वापरा असं बजावलं होतं, आणि एक हजार अक्षरांखालच्या मजकुरावर अजिबात भरवसा ठेवू नका असंही. मुलाखतीतली कितीतरी उत्तरं तेवढी लांब नसतातच. त्याच साली जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद केलं.

१२ फेब्रुवारी

आज पूर्णविरामांनी दिवस खाल्ला.

पुष्कळ साधनं अनपेक्षितपणाबरोबर वाक्यांच्या लांबीतला चढउतारही बघतात. माणूस एक वाक्य लांब, एक तोकडं असं लिहितो आणि यंत्र एकसारखं लिहितं, असा त्यामागचा समज. लिखाणाबाबत त्यात काही तथ्य असेल. पण बोलताना पूर्णविराम नसतो. तो उतरवणारा घालतो.

काकांच्या बोलण्यातला एक तुकडा असा आहे, विरामचिन्हांशिवाय:

हात आपोआप जायचा बघायचं नाही बघितलं की चुकायचं आणि चुकलं की मग सगळी ओळ काढायची पुन्हा

मी उतरवलं ते असं: "हात आपोआप जायचा. बघायचं नाही. बघितलं की चुकायचं. आणि चुकलं की मग सगळी ओळ काढायची पुन्हा." शब्द मोजले तर ३, २, ३, ८. भरपूर चढउतार, म्हणजे माणूस.

तेच रेकॉर्डिंग आमच्यातल्या ताईंना दिलं. त्यांनी लिहिलं: "हात आपोआप जायचा, बघायचं नाही, बघितलं की चुकायचं. आणि चुकलं की मग सगळी ओळ काढायची पुन्हा." शब्द ८ आणि ८. चढउतार शून्य, म्हणजे यंत्र.

आमच्या दोघींत एका शब्दाचाही फरक नाही. काकांनी जे म्हटलं ते दोन्हीकडे जसंच्या तसं आहे. मी परत ऐकलं. "जायचा" नंतर ते जेमतेम अर्धा सेकंद थांबतात आणि आवाज खाली येत नाही, त्यामुळे ताईंचा स्वल्पविराम माझ्या पूर्णविरामापेक्षा योग्य आहे असं मला आता वाटतं. म्हणजे जी आवृत्ती बोलण्याशी जास्त प्रामाणिक, तीच साधनाला जास्त यांत्रिक वाटली. वाक्याच्या लांबीवर आधारलेला कुठलाही निकाल बोललेल्या मजकुराच्या बाबतीत मी आता विचारात घेत नाही. तो उतरवणाऱ्याच्या सवयीचा निकाल असतो.

१६ फेब्रुवारी

चारही आवृत्त्या झाल्या. एकच परिच्छेद तीन रूपांत इथे ठेवते, कारण सगळा प्रश्न यात दिसतो. केस म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी.

शब्दशः: "नाही म्हणजे, खिळे ते, केस असायची ना, लाकडाची, तर तिच्यात वरच्या, वरच्या नाही, मधल्या खणात आपलं, क, त, र, हे जे सारखे लागतात ते. हात आपोआप जायचा."

मी साफ केलेली: "लाकडी केसच्या मधल्या खणांत क, त, र ही सारखी लागणारी अक्षरं असायची. हात आपोआप जायचा."

एआयने साफ केलेली: "लाकडी केसमधील मधल्या खणांमध्ये सतत वापरली जाणारी अक्षरे ठेवलेली असत. वर्षानुवर्षांच्या सरावामुळे हात आपोआप योग्य खणाकडे वळत असे."

माझ्या मापाने शब्दशः आवृत्ती सर्वांत अनपेक्षित निघाली. मग हाताने साफ केलेली, मग व्हिस्परची आणि सर्वांत खाली एआयने साफ केलेली. तुलनेसाठी मी एआयकडून खिळे जुळवणाऱ्या एका काल्पनिक कंपॉझिटरची मुलाखत पूर्णपणे लिहवून घेतली होती. तिचे आकडे चौथ्या आवृत्तीच्या आकड्यांत इतके मिसळले की कुठलं कोणाचं हे आकड्यावरून मला वेगळं काढता आलं नाही.

म्हणजे एका टोकाला माणसाने बोललेली खरी मुलाखत आहे आणि दुसऱ्या टोकाला कधीच न झालेली मुलाखत, आणि मापाच्या लेखी दोन्ही एकच. साधन खोटं बोललेलं नाही. चौथ्या आवृत्तीतले शब्द खरोखरच यंत्राचे आहेत. पण आम्ही त्या उत्तराचा अर्थ 'मुलाखत झालीच नाही' असा घेतला, ती आमची चूक.

मराठीत यासाठी आधीपासून एक शब्द आहे आणि तो मला इतक्या दिवसांत सुचला नव्हता: शब्दांकन. आत्मकथनाच्या किंवा मुलाखतीच्या शेवटी 'शब्दांकन' म्हणून दुसऱ्याचं नाव छापतात. सांगणारा एक, शब्द बसवणारा दुसरा, हे वाचकाला मान्य असतं. साधन तपासतं ते शब्दांकन कोणाचं हे. आम्ही विचारत होतो ते सांगणं कोणाचं हे.

चौथ्या आवृत्तीकडे आणखी थोडं बघा. "वर्षानुवर्षांच्या सरावामुळे" हे काका कुठेच म्हणालेले नाहीत. क, त, र ही अक्षरं गेली. "वरच्या, वरच्या नाही, मधल्या" ही त्यांनी स्वतः केलेली दुरुस्ती माझ्याही आवृत्तीतून गेली, कारण छापण्याच्या दृष्टीने ती कचरा वाटते. पण त्या दुरुस्तीत एक माणूस मनात ती केस उघडून खणांवरून हात फिरवतो आहे. ती मी काढून टाकली याचं मला वाईट वाटलं. शब्दशः आवृत्ती आता मी सहाही मुलाखतींसाठी जपून ठेवणार आहे, वेळ लागला तरी.

१९ फेब्रुवारी

व्हिस्परच्या आवृत्तीबद्दल वेगळी नोंद हवी.

ही प्रणाली आवाज ऐकते, पण लिहिताना पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाजही बांधते. म्हणजे तिच्या आतही एक भाषेचं प्रारूपच आहे. त्यामुळे ती "म्हणजे", "आपलं", पुनरुक्ती हे बऱ्याचदा गाळते आणि विरामचिन्हं स्वतःच्या अंदाजाने घालते. कोणीही एआयकडून काही लिहवून घेतलं नाही, नुसतं रेकॉर्डिंग उतरवायला दिलं, तरी मजकुराचा पृष्ठभाग यंत्राचा होतो.

त्याहून गंभीर गोष्ट ३१ व्या मिनिटाला सापडली. काका खिळे जुळवायची जुनी स्टिक दाखवायला आत गेले होते. रेकॉर्डिंगमध्ये नऊ सेकंद नुसती शांतता आणि पंख्याचा आवाज आहे. व्हिस्परने तिथे एक पूर्ण वाक्य छापलं, व्हिडिओच्या शेवटी म्हणतात तसं, बघितल्याबद्दल आभार मानणारं. शांततेत असं होतं हे माहीत होतं, पण स्वतःच्या मुलाखतीत काकांच्या नावापुढे ते वाक्य बघितल्यावर धसका बसला. काकांच्या तोंडी ते न बोललेलं वाक्य छापलं गेलं असतं.

आता ही आज्ञा वापरते:

```
whisper kaka.wav --model large-v3 --language mr \
  --word_timestamps True \
  --condition_on_previous_text False \
  --hallucination_silence_threshold 2
```

यातल्या शेवटच्या पर्यायाने शांततेवर बेतलेली वाक्यं कमी होतात. तो शब्दांच्या वेळा काढल्याशिवाय चालत नाही, म्हणून वरचा पर्याय हवाच. मधल्याने एकदा चुकलेलं पुढच्या भागात ओढत नेणं कमी होतं. तरीही जिथे वेळ आहे पण आवाज नाही, त्या जागा मी कानाने ऐकतेच.

या मुलाखतीत खऱ्या अर्थाने यंत्राने रचलेलं, कोणीही न बोललेलं असं हे एकच वाक्य होतं. ओळख-साधनाने त्याच्यावर खूण केली नाही. साहजिक आहे, पाच-सहा शब्दांत ओळखण्यासारखं काहीच नसतं. ते सापडलं ते फक्त आवाज आणि मजकूर शेजारी ठेवल्यामुळे.

२३ फेब्रुवारी

आज भाषणांकडे वळले. मुलाखतीत निदान समोरचा माणूस मध्ये तोडतो. भाषण लिहून आणून वाचलेलं असू शकतं आणि त्यात काहीच गैर नाही.

ताईंनी स्वतः लिहिलेली दोन पानं आणि एआयकडून लिहवलेली दोन पानं मोठ्याने वाचली. तिसऱ्यांदा त्याच विषयावर कागद न घेता बोलल्या. तिन्ही रेकॉर्ड केली आणि मी कोणतं काय हे न सांगता दुसऱ्या दोघांना ऐकवली.

कागद न घेता बोललेलं दोघांनीही लगेच ओळखलं. फरक कानाला कळतो आणि कागदावरही दाखवता येतो. वाचताना चूक झाली की माणूस मागे येऊन तोच शब्द नीट म्हणतो: "खणांमद्... खणांमध्ये". बोलताना चूक झाली की बेतच बदलतो: "वरच्या, वरच्या नाही, मधल्या खणात". पहिल्यात जीभ अडखळली, दुसऱ्यात विचार चालू आहे. शिवाय वाचताना थांबे विरामचिन्हांवर आणि ओळीच्या शेवटी पडतात, बोलताना नेमक्या शब्दाच्या अलीकडे.

पण वाचलेल्या दोन रेकॉर्डिंगपैकी कोणतं ताईंनी लिहिलेलं, हे दोघांपैकी कोणालाही खात्रीने सांगता आलं नाही. एकाने उलटंच सांगितलं. कारण नंतर लक्षात आलं: ताईंचं स्वतःचं लिखाण नीटनेटकं, पाठ्यपुस्तकी वळणाचं आहे, आणि एआयचं पान वाचताना त्यांनी नकळत "असत" चं "असायची" आणि "आवश्यकता नसे" चं "गरज नसायची" केलं होतं. तोंडातून गेल्यावर मजकुराला माणसाचा रंग चढतो.

तेव्हा भाषणाच्या मजकुरावरून आयत्या वेळी बोललेलं की वाचलेलं हे रेकॉर्डिंग असेल तर बऱ्यापैकी सांगता येतं. वाचलेला कागद कोणी लिहिला हे त्यातून निघत नाही. भाषण चांगलं घासूनपुसून लिहिणाऱ्या माणसावर तर यात हमखास अन्याय होणार.

परक्या भाषेत लिहिणाऱ्यांवरही असाच अन्याय होतो हे २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले निबंध त्यांनी सात साधनांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. मर्यादित, सोपे शब्द वापरले की मजकूर अपेक्षित होतो. मुलाखतीत बोलणारा माणूसही नेहमीचेच सोपे शब्द वापरतो. शब्दशः आवृत्तीत त्याला अडखळणं वाचवतं, आणि साफ करताना आपण नेमकं तेच काढून टाकतो.

२७ फेब्रुवारी

एक शंका राहिली होती. अडखळणं ही माणसाची खूण धरली तर कोणीही एआयला "बोलल्यासारखं कर, मध्ये म्हणजे, ना वगैरे घाल" असं सांगेल. करून बघितलं.

आलेल्या मजकुरात "म्हणजे" आणि "ना" होते, पण जवळजवळ सगळे वाक्याच्या सुरुवातीला किंवा दोन उपवाक्यांच्या सांध्यावर. "म्हणजे, हात आपोआप जायचा ना." काकांच्या बोलण्यात ते शब्दसमूहाच्या पोटात पडतात, नाम सापडेपर्यंत जागा धरून ठेवायला: "मधल्या खणात आपलं, क, त, र". दुसरं, मराठीत "वरच्या" म्हटलं की पुढे नाम येणार, बहुधा विभक्ती लागलेलं, हे ठरून जातं. काका दुरुस्ती करताना ते रूप धरून ठेवतात, "वरच्या नाही, मधल्या", "वरती नाही, मधे" असं म्हणत नाहीत. वाक्याचा सांगाडा तसाच आणि एक हाड बदललं. एआयच्या मजकुरात अशी दुरुस्ती एकदाही आली नाही.

मला हे सापडल्याचा आनंद झाला आणि लगेच मी दुसरी सूचना दिली, ज्यात काकांचे पाच तुकडे नमुना म्हणून जोडले. या वेळी दुरुस्त्याही आल्या, बऱ्यापैकी पटण्यासारख्या. म्हणून ही खूण चाचणी म्हणून वापरू नये. ती नसली तर मुलाखत साफ केलेली असू शकते, आणि असली तर नक्कल असू शकते.

२ मार्च

ज्या मुलाखतीवरून हे सुरू झालं, तिचं रेकॉर्डिंग त्या मुलाने पाठवलं. इतके दिवस आम्ही ते मागितलंच नव्हतं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मी त्याला फोन करून माफी मागितली.

तपासण्याची रीत अशी ठेवली. छापील मजकुरातून चिठ्ठ्या टाकून दहा जागा निवडल्या, प्रत्येक जागी रेकॉर्डिंगमधला साधारण अर्धा मिनिट ऐकला. प्रत्येक वाक्याला तीनपैकी एक खूण: बोललं तसंच आहे, बोललं आहे पण शब्द बदलले आहेत, किंवा रेकॉर्डिंगमध्ये नाहीच. जागा शोधून ऐकण्यासह सगळं मिळून पाऊण तास लागला. महिनाभर मोजमापांत घालवल्यावर हा पाऊण तास.

दहापैकी नऊ जागी मधलीच खूण आली. आशय सगळा रेकॉर्डिंगमध्ये आहे, शब्द मात्र बदललेले. मुलाने सांगितलं की हाताने चार तासांचं उतरवणं त्याला झेपलं नाही, म्हणून आधी व्हिस्परने उतरवलं आणि मग एआयकडून 'प्रमाण मराठीत' करून घेतलं. त्यात गैर आहे असं त्याला वाटलंच नाही, आणि आम्हीही कुठे नियम लिहिला नव्हता.

दहाव्या जागी वेगळंच निघालं. मुलाखतीच्या शेवटी आजींचं एक छोटं उत्तर आहे, नव्या पिढीने काय शिकावं याबद्दल. ते रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नाही. मी शेवटची वीस मिनिटं दोनदा ऐकली. त्या उत्तराच्या जागी आजी म्हणतात, "ते मला काय ठाऊक बाई, तुम्हीच सांगा," आणि हसतात. एआयने 'नीट करताना' प्रश्नाला शोभेल असं उत्तर भरलं होतं. मुलाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ऐकवल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

मी जुना अहवाल उघडून बघितला. साधनाने जे थोडे परिच्छेद 'माणसाचे' ठरवले होते, त्यांत हे उत्तर होतं.

एक हिशेबही करून ठेवते, कारण बैठकीत विचारणार आहेत. ओपनएआयच्या त्या बंद केलेल्या साधनाने त्यांच्याच चाचणीत माणसाचं १०० पैकी ९ लिखाण चुकीने यंत्राचं ठरवलं होतं. तेवढंच प्रमाण धरलं आणि मुलाखतीत ४० उत्तरं असतील, तर सगळी खरी असूनही तीन-चार उत्तरांवर खूण पडेल. एकावरही न पडण्याची शक्यता १०० त जेमतेम २. अशा साधनावर उत्तरागणिक निकाल द्यायचा तर जवळजवळ प्रत्येक मुलाखत संशयित ठरेल.

६ मार्च

बैठक झाली. मुलाखत ठेवायची ठरलं. मुलगा रेकॉर्डिंगवरून पुन्हा शब्दांकन करणार, ताई त्याला विरामचिन्हांत मदत करणार. आजींचं ते उत्तर काढलं आणि त्यांनी म्हटलं होतं तेच घातलं, हसण्यासह.

यापुढे मजकुरावर ओळख-साधन चालवणार नाही. रेकॉर्डिंगशिवाय आलेली मुलाखत 'लेखी उत्तरं' म्हणून वेगळी ठेवणार, कारण पत्राने किंवा मेलने आलेली उत्तरं कोणी लिहिली हे आम्हाला सांगता येणार नाही आणि तसा आव आणायचा नाही. रेकॉर्डिंग असेल तर दहा जागांची तपासणी, शिवाय प्रत्येक शांततेच्या जागेची. वाचून केलेल्या भाषणावर 'लिखित प्रतीवरून' एवढंच छापणार.

शब्दांकनाची ओळ बदलली. आता ती अशी असेल: कोणी ऐकलं, कशाने उतरवलं, कोणी साफ केलं, आणि शब्दशः प्रत आहे की नाही. काकांच्या मुलाखतीची ओळ मी आजच लिहिली आणि मुलाखतीत "वरच्या, वरच्या नाही, मधल्या" परत घातलं.